कुऱ्हाड सांगितली, जखम फाटलेली

मे महिना सरत आला आणि शेतं वखरून तयार झाली की आमच्या खान्देशात बांधाची भांडणं सुरू होतात. कुणीतरी वखर फिरवता फिरवता हातभर बांध कोरतो, सकाळी सात वाजता शब्दाला शब्द लागतो आणि दहा-साडेदहाला माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उभा असतो. सोबत एक पोलीस हवालदार आणि त्याच्या हातात मेडिकल यादी, म्हणजे तपासणी करून द्या असं पोलिसांचं पत्र. मी अशा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. माझी भाची एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. फॉरेन्सिकची प्रॅक्टिकल तोंडावर आली तशी ती अभ्यासाला माझ्याकडे येऊन राहिली, जाड पुस्तकं आणि रंगीत पेनांनी भरलेल्या नोट्स घेऊन.

नोट्स चांगल्या होत्या. जखमांचे प्रकार, मुक्या माराचे बदलते रंग, मृत्यूनंतरचे बदल, सगळं तक्त्यांत मांडलेलं. पण प्रॅक्टिकलला तक्ता विचारत नाहीत. कागदावर एक प्रसंग देतात, कधी जखमेचा फोटो देतात आणि म्हणतात, दाखला लिहा. म्हणून मी तिला एक रुग्ण बनवून दिला. खऱ्या रुग्णांवरूनच बनवला, फक्त ओळख पटेल असं काही त्यात ठेवलं नाही.

पुरुष, वय 42, शेतकरी. सकाळी सातच्या सुमारास मारहाण, तपासणी साडेदहाला. तो स्वतःच्या अहिराणीत सांगतो, ‘त्यानी माले डोकामा कुऱ्हाड मारी.’ डोक्याला डाव्या बाजूला जखम, पाठीवर वळ, डावा हात कोपराखाली सुजलेला, आणि उजव्या मांडीवर एक डाग. चारही जखमा आजच्याच, असं त्याचं म्हणणं.

भाचीने पेन उचललं आणि पहिल्या ओळीत लिहिलं, ‘इन्साइज्ड वूंड’. म्हणजे धारदार शस्त्राने कापलेली जखम. तिला विचारलं, कशावरून? ती म्हणाली, ‘मावशी, कुऱ्हाड म्हटलंय ना त्याने. आणि कडा बघ ना, सरळ आहेत.’

हा सापळा परीक्षक मुद्दाम लावतात, आणि कॅज्युअल्टीत तो आपोआप लागलेला असतो. डोक्याची कातडी कवटीवर ताणून बसवलेली असते. खाली मऊ मांसाची गादी नसते. तिथे काठीचा किंवा दगडाचा घाव बसला की कातडी हाड आणि हत्यार यांच्यामध्ये चिरडते आणि सरळ रेषेत फुटते. वरवर पाहिलं तर सुरीने कापल्यासारखीच दिसते. भुवई, गालाचं हाड आणि नडगी इथेही तेच होतं. अशा ठिकाणची जखम सरळ दिसली की आधी शंका घ्यायची आणि मगच नाव द्यायचं.

शंका फेडायला साधं भिंग आणि चांगला उजेड पुरतो. जखमेभोवतीचे केस हलक्या हाताने कापायचे, साकळलेलं रक्त सलाइनने धुवायचं आणि कडा बारकाईने बघायच्या. धारदार पात्याने कापलेल्या जखमेची कड स्वच्छ असते. फाटलेल्या जखमेची कड भिंगाखाली दातेरी दिसते, तिला लागून खरचटलेली, काळसर लाल पट्टी असते. मग दोन्ही कडा अलगद दूर करून तळाशी बघायचं. फाटलेल्या जखमेत या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक धागे ताणलेले दिसतात. ते मज्जातंतूंचे, रक्तवाहिन्यांचे आणि तंतुमय ऊतींचे असतात. कातडी फुटते, पण हे चिवट धागे मागे टिकून राहतात. पातं फिरलं असतं तर तेही कापले गेले असते. हे टिश्यू ब्रिज दिसले की निम्मा वाद मिटतो. केसांच्या मुळांकडेही बघायचं. धारेने केस सपशेल कापले जातात, बोथट घावाने ते चिरडतात किंवा मुळासकट जखमेत शिरतात. माती, काठीची साल, उपरण्याचा धागा, काहीही आत सापडलं तर ते टाकून द्यायचं नाही. नोंद करून सीलबंद ठेवायचं.

रक्त किती गेलं यावर मात्र इथे विसंबू नये. पुस्तकात लिहिलेलं असतं की फाटलेल्या जखमेतून रक्त कमी जातं, कारण रक्तवाहिन्या चिरडून बंद होतात. ते हातापायांना लागू पडतं. डोक्याची कातडी फाटली तरी भरपूर वाहते. उपरणं पूर्ण भिजलेलं बघून कुणी ‘कापलेली’ लिहू लागलं तर त्याला इथेच थांबवायचं.

हे सगळं टाके घालण्याआधी करायचं असतं. रुग्णाचा जीव धोक्यात असेल तर अर्थातच उपचार आधी. पण एरवी टाके पडले की कडा जुळतात, धागे दिसेनासे होतात, लांबी-रुंदी बदलते. नंतर दाखला लिहिणाऱ्याला ‘टाके घातलेली जखम’ एवढंच प्रामाणिकपणे लिहिता येतं.

आता वर्णन. माझ्या भाचीच्या जर्नलमध्ये, आणि खरं सांगायचं तर निम्म्या कॅज्युअल्टी रजिस्टरांत, ‘सीएलडब्ल्यू ओव्हर हेड’, म्हणजे डोक्यावर चिरडून फाटलेली जखम, एवढंच सापडतं. हे लघुरूप परीक्षकाला खटकतं, वकिलाला आवडतं. जखम डोक्यावर कुठे, केवढी, कोणत्या दिशेने, काहीच कळत नाही. वाचणाऱ्याने जखम पाहिलेली नसते आणि ती वर्षभरात भरून गेलेली असते, हे धरून लिहायचं. मी तिला सांगितलं की जागा नेहमी दोन पक्क्या खुणांपासून मोजून लिही, आणि त्या खुणा सुजेने किंवा वयाने न हलणाऱ्या असू देत. तिने दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: डोक्याच्या डाव्या पुढच्या भागावर फाटलेली जखम, लांबी 4.5 सेंटिमीटर, रुंदी 0.8 सेंटिमीटर, खोली हाडापर्यंत. दिशा पुढून मागे. पुढचं टोक डाव्या भुवईच्या मध्यापासून 7 सेंटिमीटर वर आणि मध्यरेषेच्या 4 सेंटिमीटर डावीकडे. कडा दातेरी, खरचटलेल्या, तळाशी टिश्यू ब्रिज. ताजं रक्त आणि मऊ गुठळ्या. खोलीला आकडा नाही, कारण खोली मोजायला जखमेत सळई घालायची नसते. ‘हाडापर्यंत’ पुरेसं आहे.

मग कुऱ्हाडीचं काय? भाचीचा पुढचा प्रश्न रास्त होता. म्हणजे तो माणूस खोटं बोलतोय?

असं धरायचं कारण नाही. कुऱ्हाडीला पातं असतं तसा मागे तुंबा असतो, पात्याच्या उलट बाजूचा बोथट, जड भाग. शिवाय दांडा असतोच. आमच्याकडच्या मारहाणीत तुंबा किंवा दांडा बऱ्याचदा लागतो. ज्याच्या डोक्यात घाव बसला त्याने कुऱ्हाड पाहिलेली असते, ती कोणत्या बाजूने आली हे त्याने कसं पाहावं? म्हणून हकिकत त्याच्याच शब्दांत, अवतरण चिन्हांत लिहायची. आणि शस्त्राच्या रकान्यात जखम जे सांगते तेच लिहायचं: कठीण आणि बोथट. दोन्ही नोंदी एकाच कागदावर सुखाने नांदू शकतात. त्या जुळवून घेण्यासाठी एकीला वाकवायची गरज नसते, आणि आरोपीचं नाव तर मताच्या रकान्यात येताच कामा नये.

पाठीवरचा वळ सोपा होता आणि तो तिने लगेच ओळखला. दोन समांतर लाल रेषा, मध्ये फिकट पट्टा. काठीसारखी गोल वस्तू जोरात बसली की तिच्याखालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडांवरच्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून मध्यभाग फिकट राहतो. या वळाची लांबी, दोन रेषांमधलं अंतर, खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापासून आणि पाठीच्या कण्यापासूनचं अंतर लिहायचं. नुसतं ‘पाठीवर मुका मार’ लिहिलं की काठीची ही सहीच पुसली जाते.

डावा हात बघताना मात्र तिने घाई केली. कोपराच्या टोकापासून 12 सेंटिमीटर खाली, करंगळीच्या बाजूच्या कडेला सूज आणि 3 बाय 1 सेंटिमीटरचं खरचटणं. तिने ‘साधी’ लिहून टाकलं. मी विचारलं, डोक्यावर काठी येताना दिसली तर तू काय करशील? तिने नकळत हात वर केला. डावा, कपाळासमोर आडवा. करंगळीची कड बाहेर. तिथेच तो घाव बसतो आणि तिथलं अल्ना हाड कातडीच्या अगदी खाली असतं. ही बचावाची जखम आहे, आणि तिथे दाबून कळ येत असेल तर क्ष-किरण फोटो आल्याशिवाय ‘साधी’ म्हणता येत नाही. मत राखून ठेवायचं. डोक्याच्या जखमेचंही तसंच. ती हाडापर्यंत आहे, कवटीला चीर असू शकते. आमच्याकडे सीटी स्कॅन नाही, रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं लागतं. म्हणून ‘क्ष-किरण व सीटी अहवाल येईपर्यंत मत राखीव’ असं लिहून दाखला द्यायचा आणि अहवाल आल्यावर अंतिम मत कळवायचं. यात कमीपणा कसला? नातेवाईक मात्र टेबलापाशी उभे राहून म्हणतात, ‘मॅडम, आठ टाके पडलेत, गंभीर लिहा ना.’ टाक्यांची संख्या कायद्यात कुठेही नाही.

गंभीर जखम कोणती, याची कायद्यात आठ मुद्द्यांची यादी आहे. भारतीय दंड संहितेचं कलम 320 आता गेलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 116 आलं. आठही मुद्दे त्याच क्रमाने आहेत, बदल महत्त्वाचा एकच. आठव्या मुद्द्यात तीव्र वेदना किंवा रोजची कामं न करता येणं यासाठी पूर्वी 20 दिवस लागत, आता 15. भाचीचं पुस्तक तिच्या सीनियरकडून आलेलं, त्यात अजून 20 छापलेलं होतं. ते तिने पेन्सिलीने खोडलं आणि मी तिला पूर्ण खोडू नको म्हटलं, कारण घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुनंच कलम लागतं आणि ते खटले अजून चालू आहेत. आणखी एक गोष्ट व्हायव्हात हमखास विचारतात: रुग्ण 15 दिवस दवाखान्यात दाखल होता, म्हणजे जखम गंभीर का? नाही. खाटेवर असणं आणि तीव्र वेदना किंवा कामाची असमर्थता असणं वेगळं. आमच्या बनवलेल्या रुग्णाच्या अल्ना हाडाला फोटोत भेग निघाली. हाड मोडणं हा सातवा मुद्दा. तेव्हा तिसरी जखम गंभीर, आणि कारण म्हणून ‘कलम 116, मुद्दा सातवा, अल्ना हाडाचं फ्रॅक्चर’ असं स्पष्ट लिहायचं. नुसतं ‘गंभीर’ लिहिणाऱ्याला कोर्टात पहिला प्रश्न ‘कशी?’ हाच येतो.

राहिला मांडीवरचा डाग. पिवळट हिरवा, कडांना फिका. रुग्ण म्हणतो आजचाच. मुका मार सुरुवातीला लाल, मग पहिले तीन दिवस निळसर, चौथ्या दिवसाच्या आसपास काळपट तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा आणि दोन आठवड्यांत नाहीसा, असा क्रम पुस्तकात असतो. कातडीखाली सांडलेल्या रक्ताचं हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्याने मोडतं म्हणून रंग बदलतो. पण हे दिवस कॅलेंडरसारखे वापरू नयेत. वय, जागा, माराची खोली, कातडीचा वर्ण, सगळ्यांनी ते मागेपुढे होतात, आणि उन्हात रापलेल्या सावळ्या कातडीवर हिरवा-पिवळा ओळखणंच अवघड असतं. दिवसाच्या उजेडात बघावं लागतं. इतकं मात्र नक्की म्हणता येतं की साडेतीन तासांत पिवळेपणा येत नाही. तेव्हा हा डाग टाळायचा नाही आणि आजच्या हकिकतीत कोंबायचाही नाही. चौथी जखम म्हणून लिहायचा आणि वयाच्या रकान्यात ‘अंदाजे एक आठवडा, सांगितलेल्या वेळेशी जुळत नाही’ असं नोंदवायचं. पहिल्या तिन्हींपुढे ‘24 तासांच्या आतील’. एका दाखल्यातल्या सगळ्या जखमांना एकच वय देऊन मोकळं होणं ही फार जुनी खोड आहे.

दाखल्याचा वरचा भाग पोरांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून तिथेच गुण जातात. पोलीस यादीचा क्रमांक आणि तारीख, आणणाऱ्या हवालदाराचा बक्कल नंबर, रुग्णाची संमती, ओळखीच्या दोन खुणा, डाव्या अंगठ्याचा ठसा, तपासणीची तारीख आणि वेळ. शेवटी सही, पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी लहान सही. ओळखीच्या खुणांत ‘गालावर तीळ’ असं लिहिलं की मी तिला परत विचारायचे, कोणत्या गालावर, कानापासून किती?

मुक्या मारावरून आम्ही मृत्यूनंतरच्या बदलांवर आलो, कारण परीक्षकही तिथूनच जातात. केळीच्या बागेत मृतदेह सापडलाय, पाठीवर जांभळे डाग आहेत, पोलीस विचारतायत मारहाण झाली का. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाने खालच्या बाजूला उतरतं. देह उताणा असेल तर पाठ जांभळी पडते, आणि जिथे शरीर जमिनीला टेकलेलं असतं, म्हणजे फरे, नितंब, टाचा, तिथे रक्तवाहिन्या दाबल्या गेल्याने कातडी फिकीच राहते. ही फिकी बेटं दिसली की दिशा कळते. पण पुरावा मिळतो तो छेद घेऊन. डागावर छेद द्यायचा आणि पाणी सोडायचं. मृत्यूनंतर खाली उतरलेलं रक्त वाहिन्यांमध्येच असतं, ते ओघळतं आणि धुऊन जातं. मुक्या माराचं रक्त वाहिनीबाहेर ऊतींत शिरलेलं असतं, ते धुतलं तरी राहतं. देह कुजायला लागला की मात्र ही कसोटी दुबळी होते. रक्तपेशी फुटतात, रंग सगळीकडे झिरपतो.

आणि कुजणं इथे लवकर सुरू होतं. भाचीच्या नोट्समध्ये मृत्यूची वेळ काढायचं एक सूत्र होतं: देहाचं तापमान किती उतरलं, भागिले ताशी किती उतरतं. मी तिला त्या दिवशीचं भुसावळचं तापमान मोबाइलवर बघायला लावलं. 45 अंश. देह 37 वरून 45 च्या हवेत थंड कसा होणार? उलट तापेल. मे महिन्यात उघड्यावरच्या देहाला हे सूत्र लावणं म्हणजे गणितच उलटं मांडणं. इथे ताठरपणा, उजव्या बाजूला पोटाच्या खालच्या भागावर येणारा हिरवा डाग, माश्यांची अंडी आणि अळ्या यांच्याकडे बघायचं. हिरवा डाग उन्हाळ्यात 12 ते 18 तासांत दिसतो, थंडीत त्याला एक ते दोन दिवस लागतात. ताठरपणा उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर जातो, म्हणून ‘अंग सैल आहे’ याचा अर्थ नुकताच मेला असाही होतो आणि ताठरपणा येऊन गेला असाही. शेजारी हिरवा डाग आहे की नाही, यावरून ठरतं. त्यातही पाणी दिलेली केळीची बाग आणि शेजारचं उघडं वखरलेलं रान यांच्या हवेत फरक असतो. देह कुठे होता, सावलीत की उन्हात, अंगावर कपडे किती, हे पंचनाम्यातून वाचल्याशिवाय तासांचा अंदाज सांगू नये. आणि सांगायचा तो दोन टोकं देऊन, एकच आकडा कधीही नाही.

‘आणि मुंग्या?’ भाचीने विचारलं. तिच्या पुस्तकात फोटो होता. पापण्यांच्या कडा, ओठ, काखा, जांघ, अशा ओलसर जागी मुंग्या कातडीचा वरचा थर खातात. तिथे तपकिरी, कोरडे, वेडेवाकडे ओरखडे दिसतात आणि नातेवाइकांना ते मारल्याचेच वाटतात. जिवंतपणी खरचटलं असेल तर आसपास लाली आणि सूज असते, खाली थोडं रक्त सांडलेलं असतं. मुंग्यांच्या खुणांखाली काहीच नसतं. सूक्ष्मदर्शकाखालीही प्रतिक्रिया दिसत नाही.

‘मग ते शवविच्छेदनाच्या फॉर्ममध्ये लिहायचंच नाही ना?’

लिहायचं. आपल्या महाराष्ट्राच्या फॉर्ममध्ये बाहेरच्या जखमांसाठी 17 नंबरचा रकाना आहे. तिथे खऱ्या जखमा जागेसह, मापासह आणि जिवंतपणीच्या की नंतरच्या या नोंदीसह लिहायच्या. त्यांच्याखाली वेगळ्या परिच्छेदात या खुणाही, ‘मृत्यूनंतर मुंग्यांमुळे झालेल्या’ असं म्हणून. आपण वगळल्या तर पंचनाम्यात आणि फोटोत त्या असतातच, आणि दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं की डॉक्टरांना ओठाजवळची जखम दिसली कशी नाही. तिने मान डोलावली आणि 17 नंबरचा रकाना परत कोरा काढून घेतला, या वेळी केळीच्या बागेतल्या माणसासाठी.